सोप्यात नोटीस वाचताना कॅमेरा कुठं ठेवायचा?

प्रश्न: आम्ही बेळगावचे काही मित्र खानापूर तालुक्यातल्या एका गावात लघुपट करतोय. मुख्य सीन असा आहे: रस्त्यासाठी जमीन घेणार असल्याची कन्नडमधली नोटीस घरी येते. वडिलांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून कन्नड शाळेत शिकलेली मुलगी ती वाचते. दिग्दर्शन माझं आहे, कॅमेरा मित्राचा आहे. मग सिनेमॅटोग्राफर वेगळा कशाला लागतो, तो नेमकं काय करतो? आणि लेन्स बदलली किंवा कॅमेरा हलवला की सीनचा भाव का बदलतो?

उत्तर:

तुमच्या सीनमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही प्रश्नात सहज सांगून टाकली आहे. नोटीस उघडल्यावर थोडा वेळ असा जाणार आहे, की मुलीला सगळं कळलंय आणि वडिलांना अजून काहीच कळलेलं नाही. दोघं एकाच सोप्यात, दोन पावलांच्या अंतरावर आहेत. वडील विचारतात, "काय लिवलंय गे त्यात?" आणि ती लगेच बोलत नाही. तिचं हे गप्प राहणं संवादात लिहिता येत नाही. ते पडद्यावर दिसायचं, तर कॅमेरा कुणाच्या किती जवळ आहे, कोणती लेन्स लावली आहे आणि उजेड कुणाच्या तोंडावर आहे, यातूनच दिसेल. सिनेमॅटोग्राफर हे दिग्दर्शकाबरोबर बसून ठरवतो आणि ठरलेलं पडद्यावर उतरवतो.

कॅमेरा हातात धरणं हा त्याच्या कामाचा एक भाग झाला, आणि कित्येक सेटवर तेही ऑपरेटर करतो. त्याचं काम पटकथा वाचण्यापासून सुरू होतं. तो दिग्दर्शकाला विचारतो: हा सीन कुणाचा? वडिलांचा की मुलीचा? मग रेकीला जातो आणि घराचं दार कोणत्या दिशेला आहे, सोप्यात किती वाजता ऊन येतं, कॅमेरा मागं न्यायला जागा किती आहे, हे बघतो. त्यावरून लेन्स, दिवे आणि शॉटचा क्रम ठरतो. शूटिंगला फोकस सांभाळणारा फोकस पुलर, रुळांवरची कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलणारे ट्रॉलीवाले, दिव्यांचा प्रमुख गॅफर आणि लाइटवाले त्याच्या सांगण्यावरून काम करतात. सकाळी नऊला घेतलेला शॉट आणि दुपारी दोनला घेतलेला शॉट एकाच क्षणाचे वाटले पाहिजेत, ही जबाबदारी त्याची. शेवटी चित्राचा रंग आणि उजेड जुळवायच्या ग्रेडिंगलाही तो बसतो. छोट्या टीममध्ये हे सगळं एकटा मित्र करू शकेल, पण ते दिग्दर्शकाकडं देऊ नका. मुलीचा श्वास कुठं अडला हे बघणाऱ्या माणसाला, त्याच क्षणी ढग आला म्हणून भिंतीवरचा उजेड कमी झाला, हे दिसत नाही.

आता लेन्सकडं येऊ. 'वाइड लेन्स खोली वाढवते, टेली लेन्स सगळं चेपते' असं सगळीकडं ऐकायला मिळतं. दिसतं तसंच, पण कारण वेगळं आहे. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसणं हे फक्त कॅमेरा कुठं उभा आहे यावर ठरतं. लेन्स त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा किती भाग घ्यायचा एवढंच ठरवते. तरी लेन्स बदलली की भाव बदलतो, कारण चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवायचा तर तुम्हाला कॅमेरा उचलून पुढं किंवा मागं न्यावा लागतो. खरा बदल त्या चालण्यात होतो.

तुमच्याच सीनवर हिशोब करून बघू. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आहे असं धरा. वडील कॅमेऱ्याजवळ बसलेत आणि मुलगी त्यांच्या मागं २ मीटरवर, माजघराच्या चौकटीला टेकून नोटीस वाचतेय. २४ मिमीची वाइड लेन्स लावून कॅमेरा वडिलांपासून १ मीटरवर ठेवला, तर मुलगी कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर येते. तिचं डोकं वडिलांच्या डोक्याच्या एक तृतीयांश दिसेल. आता ८५ मिमीची टेली लेन्स लावा. वडील फ्रेममध्ये तेवढेच हवेत, म्हणून कॅमेरा सुमारे साडेतीन मीटरवर जाईल. मुलगी साडेपाच मीटरवर येते आणि तिचं डोकं वडिलांच्या जवळजवळ दोन तृतीयांश दिसतं. माणसं हललेली नाहीत, सोपा तोच आहे, वडिलांचा आकारही तोच आहे. पण पहिल्या शॉटमध्ये मुलगी दूर, छोटी, एकटी दिसते. दोघांमध्ये बरीच मोकळी जमीन दिसते. दुसऱ्यात ती वडिलांच्या खांद्याशी आल्यासारखी वाटते, आणि मागची भिंत, देव्हारा, टांगलेली कॅलेंडरं दोघांच्या अंगावर येतात.

यातला बरोबर कोणता, हे कथेवरून ठरतं. शाळेत शिकून मुलगी घरापासून लांब गेली आणि आता तिच्याच शिक्षणातून ही बातमी घरात येतेय, असं तुम्हाला सांगायचं असेल तर २४ चा शॉट ते अंतर दाखवतो. दोघंही एकाच संकटात सापडलेत आणि सुटायला जागा नाही, असं सांगायचं असेल तर ८५ बरा. माझ्या मते तुमच्या सीनला दोन्ही लागतील, पण या क्रमाने: ती वाचत असेपर्यंत अंतर, आणि वडिलांना कळल्यावर जवळीक. म्हणजे लेन्सचा बदल कथेतल्या बदलाबरोबर होईल. मध्येच, फक्त वेगळं दिसावं म्हणून लेन्स बदलली तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी विसकटलंय हे त्याला जाणवेल.

चेहऱ्यालाही हाच नियम लागतो. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण १२ सेंटीमीटरचं अंतर असतं. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान नाकाच्या मानाने जवळजवळ पाऊणपट दिसतो, म्हणून चेहरा फुगल्यासारखा, नाक पुढं आल्यासारखं वाटतं. तोच कॅमेरा २ मीटरवर गेला की हा फरक पाच-सहा टक्क्यांवर येतो आणि चेहरा सपाट, शांत दिसतो. वाइड लेन्सवरचा अगदी जवळचा क्लोज वाईट असतो असं अजिबात नाही. त्यात प्रेक्षक माणसाच्या अंगाला अंग लावून उभा राहतो, त्याच्या श्वासाच्या टप्प्यात येतो. पण ही जवळीक वडिलांवर, ज्यांना अजून काही कळलेलंच नाही त्यांच्यावर वापरली, तर त्यांची थट्टा केल्यासारखं दिसेल. ती मुलीसाठी राखून ठेवा, आणि तीही एकदाच.

तुमचा कॅमेरा त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सरचा असेल तर वरच्या आकड्यांना साधारण दीडाने भागा. म्हणजे २४ च्या जागी १६ आणि ८५ च्या जागी ५५ च्या आसपासची लेन्स. अंतरं तीच राहतात, आणि महत्त्व अंतरांनाच आहे.

लेन्सइतकीच महत्त्वाची आहे कॅमेऱ्याची उंची, आणि आपल्याकडच्या घरांत ती हमखास चुकते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ७५ ते ८० सेंटीमीटरवर असतात. नेहमीचा ट्रायपॉड तेवढा खाली जात नाही, म्हणून कॅमेरा छातीच्या उंचीवर राहतो आणि वडील सबंध सीनभर वरून दिसतात. नोटीस घेऊन आलेला माणूस उभा आहे आणि वडील बसलेत, एवढ्या एका शॉटला हे वरून बघणं बरोबर ठरेल. पण बापलेकीच्या बोलण्यात कॅमेरा त्यांच्याबरोबर खाली बसला पाहिजे. बुटका ट्रायपॉड मिळाला नाही तर पाटावर किंवा भाताच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यावर कॅमेरा घट्ट बसवा.

आता उजेडाचं. लेन्सची निवड उजेडाशी किती बांधलेली असते, हे लेन्सवर वाद घालणाऱ्यांना बऱ्याचदा दिसत नाही. वर सांगितलेल्या शॉटमध्ये वडील पुढं आणि मुलगी मागं आहे. अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, एफ २ एवढं मोठं ठेवलं, तर २४ मिमीवर १ मीटरला आणि ८५ मिमीवर साडेतीन मीटरला, दोन्हीकडं फोकसमध्ये धारदार दिसणारा पट्टा साधारण २० सेंटीमीटरचाच मिळतो. माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवला आणि अपर्चर तेच ठेवलं, तर लेन्स बदलून फोकसची खोली फारशी बदलत नाही. ८५ ला मागचं जास्त विरघळल्यासारखं वाटतं, कारण मागची वस्तूच मोठी दिसते आणि तिच्याबरोबर तिचा धूसरपणाही मोठा होतो.

तुमच्या सीनमध्ये मागं भिंत असती तर धूसर चालली असती. पण मागं मुलगी आहे, आणि बातमी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर येणार आहे. एफ २ वर तिचा चेहरा नुसता डाग होईल. भोक लहान करून एफ ५.६ वर नेलं तर धारदार पट्टा ५०-६० सेंटीमीटरचा होतो. मुलगी त्याच्याही बाहेरच असते, पण तिचे डोळे खाली आहेत, वाचता वाचता ती थांबली, एवढं कळतं. आणि इथंच खर्च वाढतो. २ वरून ५.६ वर जाणं म्हणजे तीन स्टॉप; दर स्टॉपला उजेड दुप्पट लागतो, म्हणून एकूण आठपट उजेड. तो दिव्यांतून आणा किंवा कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, म्हणजे आयएसओ, ८०० वरून ६४०० वर न्या. सोप्याच्या काळोख्या कोपऱ्यात ६४०० वर कॅमेरा किती दाणे दाखवतो, हे आधी टेस्ट करून बघितल्याशिवाय तो भरवसा धरू नका. 'वडील पुढं, मुलगी मागं' असं दिग्दर्शक एका वाक्यात सांगतो, आणि सिनेमॅटोग्राफरला त्यातून दिव्यांचं भाडं, जनरेटर आणि वेळ दिसायला लागतो.

खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरात उजेड येतो दारातून आणि एखाद्या बारक्या खिडकीतून. आत अंधार, बाहेर लख्ख ऊन. आतल्या चेहऱ्याला एक्सपोजर दिलं तर दार पांढरंफटक होतं, दाराला दिलं तर माणसं काळी. यावर दिवे वाढवणं हा पहिला उपाय नाही. पहिला उपाय म्हणजे बाहेरचा उजेड वळवून आत आणणं आणि मऊ करणं. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत बांधला होता. सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी त्या चौकावर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर दिवे मारून आभाळासारखा, सावली न पाडणारा उजेड तयार केला. म्हैसूरच्या व्ही. के. मूर्तींनी १९५९ च्या 'कागज के फूल'मध्ये बाहेरचं ऊन आरशांनी वळवून स्टुडिओच्या अंधारात झोताच्या रूपात आणलं. या दोन्ही युक्त्या तुमच्या आवाक्यात आहेत. अंगणात ऊन पडेल तिथं जमिनीवर पांढरी चादर किंवा थर्माकोलचे शीट टाका. त्यावरून उसळलेला उजेड दारातून आत शिरतो आणि बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून-बाजूने येतो. तो जास्त खालून आला तर डोळ्यांच्या वर सावली पडते आणि चेहरा भीतीदायक दिसतो. तसं दिसलं की शीट उचलून कमरेच्या उंचीवर तिरकं धरा. अंगणात थेट ऊन नको असेल तर वर कापड ताणा, म्हणजे दारातली फ्रेमही पांढरीफटक होणार नाही.

एक गोष्ट जागेवर जाऊन ठरवा. तुमचं शूटिंग पावसाळ्यात असेल तर खानापूर-जांबोटीकडं दिवसभर ढगाळ उजेड मिळतो, मऊ आणि एकसारखा. हा सीन त्यात फार चांगला जमेल, मात्र आत तो उजेड अगदी कमी पोचतो. हाच सीन अथणीकडं उन्हाळ्यात करायचा असता तर पहिला तास-दीड तास आणि शेवटचा तास सोडून बाहेरच्या फ्रेम हाती लागल्या नसत्या. आणि घरातले एलईडी बल्ब किंवा ट्यूब फ्रेममध्ये चालू ठेवणार असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्याशी न जुळणाऱ्या शटरवर दिवा लुकलुकू शकतो, आणि ते छोट्या स्क्रीनवर न दिसता नंतर एडिटिंगला बसल्यावर दिसतं.

आता कॅमेऱ्याची हालचाल. लेन्स आणि अंतर मिळून प्रेक्षकाला एका जागी बसवतात. हालचाल त्याला त्या जागेवरून उठवते. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं, की प्रेक्षकाने आत्ताच का उठावं? तुमच्या सीनमध्ये याला एकच ठाम जागा आहे: मुलगी वाचत जाते आणि मजकूर तिच्या लक्षात येतो, तो काळ. तिच्या आत काहीतरी बदलतंय, बाहेर ती फक्त कागद धरून उभी आहे. इथं ट्रॉली हळूहळू पुढं गेली तर प्रेक्षक तिच्याबरोबर आत जातो.

हा शॉट नीट मांडू. ५० मिमी लेन्स, कॅमेरा मुलीपासून अडीच मीटरवर सुरू होऊन १.२ मीटरवर थांबतो. म्हणजे १.३ मीटरचा प्रवास. नोटीस वाचायला तिला २० सेकंद लागतात असं धरलं तर ट्रॉली सेकंदाला साडेसहा सेंटीमीटर चालली पाहिजे. हाताने ढकलणाऱ्याला हा वेग फार कमी वाटतो आणि तो नकळत ढकलत सुटतो. आणि एक गंमत नसलेली, पण फार उपयोगी गोष्ट: ट्रॉली एकाच वेगाने गेली तरी पडद्यावर ती एकसारखी जात नाही. पहिल्या अर्ध्या प्रवासात तिचा चेहरा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्या अर्ध्यात ५४ टक्क्यांनी. शेवटी शेवटी कॅमेरा अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात ट्रॉलीवाल्याने वेग कमी करत न्यायचा, आणि थांबा असा घ्यायचा की नेमका कधी थांबला ते कळू नये. झटका बसला तर प्रेक्षकाचं लक्ष तिच्या डोळ्यांवरून थेट कॅमेऱ्यावर येतं, आणि तो टेक गेला म्हणून समजा.

सुरुवातीचा क्षणही तितकाच नाजूक असतो. तिने कागद उघडल्या उघडल्या ट्रॉली निघाली तर कॅमेऱ्याला बातमी आधीच माहीत होती असं वाटतं. ती दोन ओळी वाचते, नजर एका शब्दावर अडते, आणि मग ट्रॉली निघते. त्यासाठी ट्रॉलीवाल्याला मुलीची नजर दिसली पाहिजे किंवा कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावून इशारा दिला पाहिजे. अभिनेत्रीला कन्नड वाचता येत असेल तर उत्तमच, कारण खरं वाचणाऱ्या माणसाचे डोळे ओळीवरून चालतात, आणि ५० वर १.२ मीटरला ते चालणं दिसतं. पाठ केलेलं म्हणताना डोळे कागदावर स्थिर राहतात. कागद कोरा देऊ नका. नोटिशीसारखा मजकूर छापून द्या.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर ट्रॅक सरळ बसत नाही आणि फोकसच्या खुणांची चिकटपट्टीही धरत नाही. ट्रॅकखाली प्लायवूडच्या फळ्या टाका, खालून लाकडी पाचरी ठोका आणि लेव्हल बघा. फोकसच्या खुणा जमिनीवर न करता ट्रॅकलाच करा: अडीच, दोन, दीड आणि १.२ मीटर. १.२ मीटरवर एफ २.८ ला ५० मिमीचा पट्टा सुमारे १० सेंटीमीटरचा असतो. मुलगी जरा पुढं झुकली तरी डोळे हातचे जातात. इथं एफ ४ ठेवा आणि मुलीला चौकटीला पाठ टेकवून उभी करा, म्हणजे तिचं झुकणं आपोआप कमी होतं. चौकट तशीही हवी आहे, कारण ट्रॉली पुढं जाताना चौकटीच्या कडा फ्रेमबाहेर सरकतात आणि आपण माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आलो हे डोळ्यांना कळतं.

हेच झूमने का करू नये, असं तुमचा मित्र विचारेल, कारण झूमला ट्रॅक लागत नाही. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, म्हणून पुढच्या आणि मागच्या वस्तूंचं नातं तसंच राहतं आणि चित्र नुसतं मोठं होतं. ट्रॉलीत चौकट, खांब, मुलगी आणि मागची भिंत एकमेकांवरून सरकतात. ट्रॉलीत प्रेक्षक चालत जातो. झूममध्ये तो जागेवर बसून एखाद्या गोष्टीवर बोट ठेवतो. झूमलाही जागा आहे. सोप्यात बसलेल्या वडिलांकडं शेजारी अंगणातून बघताहेत, असा शॉट असता तर मी झूमच घेतला असता, कारण लांबून न्याहाळण्याचा भाव त्यात येतो. मुलीच्या शॉटला तो परका वाटेल.

हातात धरलेल्या कॅमेऱ्याबद्दल थोडंच सांगतो. हाताची थरथर तेवढीच असली तरी ८५ वर ती २४ पेक्षा साडेतीनपट मोठी दिसते. म्हणून हातात घ्यायचा तर २४ किंवा ३५ वर, माणसाच्या जवळ जाऊन. तुमच्या मुख्य सीनमध्ये मला हातातला कॅमेरा नको वाटतो. बातमी येण्याआधीच चित्र अस्वस्थ झालं तर बातमीला काही करायला उरत नाही. कॅमेरा तोलून धरणाऱ्या गिम्बलबद्दल माझं मत कडक आहे. तो घेतला की प्रत्येक शॉट तरंगायला लागतो, आणि तरंगणाऱ्या कॅमेऱ्यात बसल्या जागचं ओझं येत नाही. बसून राहणाऱ्या माणसांच्या सीनला तो लावू नका.

पॅनचा एक उपयोग मात्र जरूर करून बघा. मुलगी शेवटी बोलते, "आप्पा, आपलं वावर जातंय," तिथून वडिलांकडं कट घेण्याऐवजी कॅमेरा तिच्यावरून वडिलांकडं वळवा. कटमध्ये मधलं अंतर गळून जातं. पॅनमध्ये ती दीड-दोन सेकंदांची रिकामी भिंत प्रेक्षकाला ओलांडावी लागते, आणि वडिलांच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला शब्दांना जितका वेळ लागतो तितकाच कॅमेऱ्यालाही लागतो. वेग फार कमी झाला तर चित्र तुटक दिसतं, फार जास्त झाला तर भिंत नुसती पुसल्यासारखी जाते. तीन-चार वेगांत टेक घ्या. वडिलांवर आल्यावर कॅमेरा थांबवा आणि तसाच राहू द्या. इथं ट्रॉली पुढं नेण्याचा मोह होईल. नेऊ नका. मुलीजवळ आपण गेलो, कारण तिच्या मनात चाललेलं बाहेर दिसत नव्हतं. वडिलांना आता सगळं ऐकून कळलंय. त्यांना थोडी जागा दिली तर ते जास्त खरं वाटेल.

पुढं ते शेताकडं चालत जातात असा शॉट तुम्ही ठेवलाच असेल. तोही अंतरावरच ठरतो. बांधावरून ते कॅमेऱ्याकडं येताहेत. २४ मिमीवर ते ४ मीटरवरून २ मीटरवर आले की दुप्पट मोठे होतात; पावलागणिक जमीन मागं पडते, त्यांच्यात जोर दिसतो. १३५ मिमीवर ते २० मीटरवरून १८ मीटरवर आले तर जेमतेम ११ टक्क्यांनी वाढतात. तेवढीच पावलं टाकली तरी ते जागच्या जागी चालल्यासारखे वाटतात, आणि मागचं शिवार त्यांच्या पाठीला चिकटून राहतं. माणूस चालतोय, पण कुठं पोचत नाही, असं हवं असेल तर दुसरा. तहसीलदारांकडं जाब विचारायला निघालेला बाप हवा असेल तर पहिला. हे लेन्स उचलण्याआधी दिग्दर्शक म्हणून तुम्हालाच ठरवावं लागेल.

कॅमेरा भाड्याने घेण्याआधी एक टेस्ट करा. मोबाइलची मुख्य लेन्स बहुतेक २४ ते २६ मिमीच्या आसपासची असते, आणि तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती ७५ च्या जवळपास जाते. तुमच्या घरातल्या कुणालाही सोप्यात बसवा, दुसऱ्याला दोन मीटर मागं चौकटीत उभं करा. मुख्य लेन्सने १ मीटरवरून आणि तिप्पट लेन्सने ३ मीटरवरून, पुढच्याचा चेहरा तेवढाच ठेवून, बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन क्लिप घ्या. वेगळी लेन्स नसेल तर ३ मीटरवरून घेतलेली क्लिप नंतर कापून मोठी करा. चित्र फुटेल, पण अंतराचा परिणाम तोच दिसेल. त्या वेळी सोप्याच्या भिंतीला पाठ लागली आणि ३ मीटर मिळालेच नाहीत, तर ८५ चा शॉट अंगणातून, दाराच्या चौकटीतून घ्यावा लागणार हेही तिथंच कळेल. मग दोन्ही क्लिप आवाज बंद करून, गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवा आणि एवढंच विचारा: या दोघांपैकी कुणाला आधी कळलंय? उत्तर 'वडिलांना' असं आलं, तर आधी मुलीवरचा उजेड वाढवा आणि वडिलांवरचा एक स्टॉप कमी करा. तरीही तेच उत्तर आलं, तर हा दोघांचा शॉट आखूड करून ट्रॉलीचा शॉट आधी आणावा लागेल.